सोबत सीव्ही आणि मोटिव्हेशन लेटर जोडत आहे: वाइनरीतल्या इंटर्नशिपचा माझा ईमेल

नोव्हेंबरात आमच्या एम.एस्सी.च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरली. दिंडोरीकडच्या एका वाइनरीला जानेवारी ते मार्च या हंगामासाठी प्रयोगशाळेत इंटर्न हवे होते. पगार, वेळ, काम यांचा फारसा तपशील नव्हता. खाली एक ईमेल पत्ता होता आणि एक ओळ: सीव्ही आणि मोटिव्हेशन लेटर पाठवावे.

मी मायक्रोबायॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला. नवीन अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे, म्हणजे १२० तास कुठंतरी बाहेर प्रत्यक्ष काम करायचं. वर्गातले बरेच जण पॅथॉलॉजी लॅब किंवा सातपूर-अंबडच्या कंपन्या बघत होते. नाशिकमध्ये वाइनची द्राक्षं साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत उतरतात, आणि आमचं दुसरं सत्रही त्याच महिन्यांत. यीस्टचं काम खऱ्याखुऱ्या टाक्यांत बघायला मिळावं म्हणून मला तिथंच जायचं होतं. आईला ते ‘दारूच्या कारखान्यात’ वाटलं. मी तिला प्रयोगशाळा असं सांगत राहिले, ती कारखाना असं ऐकत राहिली. ते प्रकरण वेगळं.

सीव्ही माझ्याकडे होता. मोटिव्हेशन लेटरचा मसुदा एका संध्याकाळी लिहिला. ईमेल म्हणजे काय, दोन ओळींचं काम, असं समजून तो शेवटी ठेवला होता. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की तिन्हीकडे तेच येतंय. सीव्हीत शिक्षण, लेटरमध्ये शिक्षण, मेलमध्ये पुन्हा शिक्षण. आणि जे सांगायलाच हवं, म्हणजे मी कोणत्या वारी येऊ शकते आणि कॉलेजला काय कागद लागतात, ते तिन्हीपैकी कुठंच नाही.

माझी मावसबहीण अंबडला एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. तिच्याकडे दर वर्षी असे अर्ज येतात. मी तिला मसुदा वाचायला दिला, तर तिनं तो बाजूला ठेवला आणि आधी स्वतःचा फोन दाखवला. मेलच्या यादीत प्रत्येक अर्जाच्या तीनच गोष्टी दिसत होत्या: पाठवणाऱ्याचं नाव, ठळक अक्षरात विषय आणि त्याखाली फिकट अक्षरात मजकुराचे सुरुवातीचे काही शब्द. विषयाच्या जागी बहुतेकांनी फक्त `Internship` किंवा `Resume` लिहिलं होतं. काहींची विषयाची जागा रिकामीच होती. फिकट ओळीत एकापाठोपाठ एक ‘आदरणीय सर/मॅडम, आपण कुशल असाल अशी आशा करते’ छापाचं इंग्रजी. एकाचं नाव म्हणून शाळेत असताना बनवलेल्या खात्याचं टोपणनाव झळकत होतं.

‘‘मी दोन मीटिंगच्या मधे हे बघते,’’ ती म्हणाली. ‘‘यातला कोणता कशासाठी आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. मग मी उघडत नाही, नंतर बघू म्हणते. आणि नंतर काही येत नाही गं.’’

त्यामुळे आम्ही मेलची सुरुवात मजकुरापासून न करता यादीत दिसणाऱ्या त्या तीन जागांपासून केली. जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन नाव सीव्हीवर आहे तसंच पूर्ण केलं. कॉलेजनं दिलेला मेल पत्ता होता, पण ते खाते शिक्षण संपलं की बंद होईल की काय या शंकेनं स्वतःच्याच पत्त्यावरून पाठवायचं ठरवलं. विषयाची ओळ अशी झाली:

`Harvest Lab Intern, Jan-Mar: M.Sc. Microbiology student, Nashik`

मी आधी तिची सुरुवात `Application for the post of` अशी केली होती. ताईनं ते काढायला लावलं, कारण फोनवर विषयाचे पहिले पाच-सहा शब्दच दिसतात आणि ते या औपचारिकतेतच संपतात. कोणतं काम आणि कोणते महिने हे आधी आलं पाहिजे. शेवटी `Nashik` मी हट्टानं ठेवलं. हंगामी कामाला बाहेरगावच्या मुलीच्या राहण्याची सोय हा पहिला प्रश्न असतो, तो विषयातच मिटतो.

मग मायना. पत्त्यावर कोण बसलंय हे जाहिरातीत नव्हतं. ताई म्हणाली, ऑफिसच्या वेळात फोन कर आणि विचार. मला ते आगाऊपणाचं वाटत होतं. पण रिसेप्शनवरच्या माणसानं अगदी सहज सांगितलं की इंटर्नचे मेल लॅबच्या मॅडम बघतात. त्यानं त्यांचं आडनाव सांगितलं, मी स्पेलिंगही विचारून घेतलं. एवढ्यानं ‘सर/मॅडम’ ही तिरकी रेघ गेली. शिवाय वाचणारी व्यक्ती मनुष्यबळ विभागातली नसून स्वतः प्रयोगशाळेतली आहे हे कळलं, आणि मेलमध्ये काय लिहायचं ते त्यावरून बदललं. मनुष्यबळ विभागाला मेथिलीन ब्लू म्हणजे काय ते समजावावं लागलं असतं. लॅबच्या मॅडमना ‘मेहनती आणि जिद्दी’पेक्षा मेथिलीन ब्लूच जास्त कळणार होता.

आता तीन कागदांची वाटणी. ताईचं म्हणणं साधं होतं. सीव्ही म्हणजे नोंदी, त्यात वाक्यं नकोत. लेटरमध्ये कारण, म्हणजे हेच काम का आणि इथंच का. मेलमध्ये व्यवहार: कोण, काय हवं, कधी येऊ शकते, सोबत काय जोडलंय. कव्हर लेटर आणि मोटिव्हेशन लेटर यांत फरक काय, असा वाद आमच्या ग्रुपवर बराच रंगला होता. माझ्या मते जागा मागताना पहिल्यात ‘मी हे काम करू शकते’ यावर जोर असतो आणि दुसऱ्यात ‘मला हे शिकायचंय ते का’ यावर. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत मिसळतातच. मेलमध्ये मात्र दोन्ही नकोत.

सीव्ही एका पानावर आणताना आधी घरगुती बायोडेटाचे अवशेष काढले: वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि तळाशी ‘वरील माहिती सत्य आहे’ असं प्रतिज्ञापत्र, ठिकाण आणि तारखेसह. त्या तारखेनं सीव्ही शिळा दिसतो, बाकी तिचा उपयोग नाही. छंद काढायला मी नाखूश होते, पण जागा हवी होती. त्या जागेत प्रात्यक्षिकांची यादी आली आणि तिचे आम्ही दोन भाग केले: स्वतः केलेलं आणि पाहिलेलं. यीस्टच्या पेशी मेथिलीन ब्लूनं रंगवून हिमोसायटोमीटरवर मोजणं, पीएच मीटर बफरवर कॅलिब्रेट करणं, सोडियम हायड्रॉक्साइडनं आम्लतेचं टायट्रेशन, प्लेटिंग, ग्रॅम स्टेनिंग हे पहिल्या भागात. एचपीएलसी दुसऱ्या भागात, कारण ते यंत्र आम्हाला लांबून दाखवलं होतं. वर्गात जवळपास प्रत्येकाच्या सीव्हीत एचपीएलसी कौशल्य म्हणून आहे. मुलाखतीत कॉलम कोणता होता असं विचारलं की तिथं शांतता पसरते.

मेथिलीन ब्लूचं नाव पुन्हा पुन्हा येतंय, त्याला कारण आहे. जिवंत यीस्ट हा रंग आत घेऊनही रंगहीन करतं, मेलेली पेशी निळी राहते. टाकीतलं आंबवण मंदावलं की यीस्ट मेलंय की उपाशी आहे याचा पहिला अंदाज या मोजणीतून येतो. कॉलेजात आम्ही हे बेकरीच्या यीस्टवर केलं होतं. वाइनरीतल्या माणसाला एवढ्या एका नोंदीवरून कळतं की मुलीला मायक्रोस्कोपसमोर बसवलं तर पहिला दिवस शिकवण्यात जाणार नाही.

लेटरला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिल्या मसुद्यात मी नाशिक ही भारताची वाइन राजधानी आहे असं लिहिलं होतं. ताईनं विचारलं, ‘‘हे त्यांना माहीत नाही का?’’ पुढचा परिच्छेद होता लहानपणापासून विज्ञानाची आवड. त्यावर तिनं एक परीक्षा सुचवली, ती मी आता सगळ्यांना सांगते: या वाक्याखाली वर्गातल्या दुसऱ्या कुणाचं नाव टाकलं तर चालेल का? चालत असेल तर ते वाक्य काढायचं. परीक्षा संपली तेव्हा माझ्या लेटरमध्ये फक्त माझ्या काकांचं ब्रिक्स मीटर, म्हणजे द्राक्षातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, उरलं.

काकांची निफाड तालुक्यात खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे. माल उतरायच्या आधी ते मणी दाबून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतात, उजेडाकडे धरून बघतात आणि आकडा सांगतात. साखर किती चढली ते त्यात दिसतं, आणि व्यापाऱ्याशी बोलणं त्या आकड्यावरून सुरू होतं. मी ते लहानपणापासून बघत आलेय. वाइनच्या पुस्तकात वाचलं तेव्हा चमकले की आंबवण सुरू झाल्यावर हेच यंत्र सरळ वाचता येत नाही. ते प्रकाश किती वाकतो यावर चालतं, आणि तयार झालेला अल्कोहोलही प्रकाश वाकवतो. त्यामुळे साखर संपत आली तरी यंत्र ती शिल्लक असल्यासारखी दाखवतं. म्हणून टाकीतली रोजची घट हायड्रोमीटरनं, घनतेवरून बघतात, किंवा सुरुवातीचा आकडा धरून सूत्रानं दुरुस्ती करतात. बागेत साखर चढताना मोजायची आणि टाकीत ती उतरताना, आणि मधे यंत्र बदलावं लागतं. ही गोष्ट मला रोजच्या नोंदवहीत बघायची होती. लेटर यावरच लिहिलं. पहिला परिच्छेद काकांच्या बागेतला, दुसरा आंबवणाचा, तिसरा या तीन महिन्यांत काय शिकायचंय आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात ते कुठं उपयोगी पडेल याचा. एक पान भरलं, त्यात विज्ञानाची आवड कुठंच नव्हती.

त्या वाइनरीचं कौतुकही काढलं. त्यांच्या संकेतस्थळावरचीच विशेषणं त्यांना परत पाठवण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी त्यांच्याकडे शेनिन ब्लांसारखी पांढरी आणि शिराझसारखी लाल अशी दोन्ही द्राक्षं होतात, आणि दोन्हींच्या आंबवणाच्या नोंदी शेजारी ठेवून बघता येतील, एवढं एक वाक्य ठेवलं.

हे दोन कागद तयार झाले तेव्हा कुठं मेलमधलं खरं अवघड वाक्य समोर आलं. ‘सोबत माझा सीव्ही आणि मोटिव्हेशन लेटर जोडत आहे, कृपया पाहावे.’ सगळे हेच लिहितात. त्यात चूक काही नाही, पण त्यानं फाइल उघडायचं कारणही मिळत नाही. जोडलंय हे तर क्लिपच्या चिन्हावरूनही दिसतं. ताईच्या अनुभवात घाईत असलेला माणूस दोनपैकी एकच फाइल उघडतो, आणि ती बहुतेक वेळा सीव्ही असते. लेटर वाचलं जावं असं वाटत असेल तर त्यात असं काय आहे जे मेलमध्ये आणि सीव्हीत नाही, ते अर्ध्या वाक्यात सांगायला हवं. तेवढंच सांगायचं, गोष्ट सांगून टाकायची नाही. मी आधी रिफ्रॅक्टोमीटरचं सगळंच मेलमध्ये लिहिलं होतं. मग लेटर उघडायचं कशाला?

आमच्यात खरी खेचाखेची इथं झाली. ताईला वाटत होतं की काकांच्या बागेचा उल्लेख मेलमध्ये नको, भावनिक वाटतो. मला वाटत होतं की नाशिकच्या वाइनरीत बसलेल्या माणसाला द्राक्षाच्या घरातली मुलगी यात भावना कमी आणि माहिती जास्त दिसेल: ही पहाटे उठू शकते, हिला छाटणी, डाऊनी, काढणी हे शब्द नवे नाहीत. शेवटी उल्लेख राहिला, पण यंत्राला चिकटून.

मेल इंग्रजीत पाठवला. मराठीत मजकूर असा होता:

‘नमस्कार मॅडम,

आपल्या प्रयोगशाळेतील जानेवारी ते मार्च या हंगामी इंटर्नशिपसाठी मी अर्ज करत आहे. मी नाशिकमध्ये एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे.

यीस्टच्या जिवंत-मृत पेशींची मोजणी, पीएच आणि आम्लतेचं टायट्रेशन ही कामं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्वतः केली आहेत. वाइनरीत काम केलेलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत मी गुरुवार, शुक्रवार, शनिवार येऊ शकते. पहाटेची पाळी चालेल. अभ्यासक्रमानुसार मला १२० तासांचं प्रशिक्षण पूर्ण करायचं आहे. कॉलेजचं विनंतीपत्र मी देऊ शकते, आणि शेवटी आपल्याकडून हजेरी व मूल्यमापनाचा अर्ज भरून लागेल.

सोबत दोन पीडीएफ आहेत, प्रत्येकी एक पान. सीव्हीत मी स्वतः हाताळलेली आणि फक्त पाहिलेली उपकरणं वेगळी दिली आहेत. मोटिव्हेशन लेटरमध्ये घरच्या द्राक्षबागेतल्या रिफ्रॅक्टोमीटरपासून आंबवणाच्या नोंदींपर्यंत मी कशी आले आणि आपल्याकडे काय शिकायचं आहे, ते लिहिलं आहे.

आपल्या सोयीनं भेटायला येऊ शकते.’

खाली पूर्ण नाव, वर्ग, फोन नंबर. मानधनाचा विषय पहिल्या मेलमध्ये काढला नाही. जाहिरातीत नव्हता, आणि भेटीत विचारता येतो.

‘वाइनरीत काम केलेलं नाही’ हे वाक्य माझ्या मैत्रिणीला खटकलं. आपणच आपली उणी बाजू का सांगायची? पण ते सीव्हीत दिसणारच होतं. चार शब्दांत सांगून टाकलं की आधीच्या वाक्यातल्या ‘स्वतः केली आहेत’ला वजन येतं, असं मला अजूनही वाटतं. मूल्यमापनाच्या अर्जाबद्दल मात्र ताई ठाम होती. तिच्या कंपनीत मुलं शेवटच्या आठवड्यात कॉलेजचे फॉर्म घेऊन येतात आणि सही करायचा अधिकार कुणाला ते तेव्हा शोधावं लागतं. हे पहिल्या मेलमध्ये आलं तर समोरच्याला कळतं की काय काय करावं लागणार आहे.

फाइलींचं काम कंटाळवाणं पण आवश्यक. जाहिरातीत दोन कागद मागितले होते म्हणून दोन वेगळ्या पीडीएफ केल्या, एकात जोडल्या नाहीत. कारण पुढे त्या वेगळ्या होतात. सीव्ही ऑफिसात फाइलला जातो, लेटर लॅबमध्ये राहतं. म्हणून नाव आणि फोन नंबर दोन्हींवर आणि फाइलच्या नावातही: `Adnav_Nav_CV.pdf` आणि `Adnav_Nav_Motivation_Letter.pdf` या धर्तीवर. नुसतं `CV.pdf` उतरवून घेतलं की ते वाचणाऱ्याच्या फोनमध्ये आधीच्या दहा सीव्हींच्या गर्दीत जाऊन बसतं. वर्डची फाइल पाठवायची नाही, कारण दुसऱ्या फोनवर तिची मांडणी हलते आणि एक पान दीड पान होतं. ड्राइव्हची लिंकही नको. परवानगी दिलेली नसेल तर वाचणाऱ्याला आधी तुमच्याकडे परवानगी मागावी लागते, आणि ती कुणी मागत नाही.

एक बारकी गोष्ट मला ताईच्या लॅपटॉपवर कळली. ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडली की वरच्या टॅबवर कधी कधी फाइलचं नाव दिसत नाही, फाइलच्या आत दडलेलं शीर्षक दिसतं. वर्डचा तयार नमुना वापरला असेल तर तिथं नमुन्याचं नाव असतं, आणि मित्राची फाइल घेऊन त्यावर लिहिलं असेल तर मित्राचं. वर्डमध्ये `File` आणि मग `Info` मध्ये जाऊन `Title` बदललं आणि पीडीएफ पुन्हा काढली. गुणपत्रिका आणि आधार कार्ड जोडलं नाही. मागितलं नव्हतं. आधार तर अनोळखी पत्त्यावर पाठवायची वस्तूच नव्हे. स्कॅन केलेल्या गुणपत्रिकांनी मेल जड होतो तो वेगळाच. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मर्यादेत बसतंय म्हणून तेवढं पाठवावं असं नाही. माझ्या दोन फाइली मिळून अर्धा एमबीसुद्धा नव्हत्या.

पाठवण्याआधी मेल स्वतःलाच पाठवला आणि बाबांच्या फोनवर उघडून पाहिला. तिथं लेटरमधलं अंशाचं चिन्ह नीट दिसतंय ना, दोन्ही फाइली उघडताहेत ना आणि यादीत फिकट ओळ काय येतेय, ते बघितलं. फिकट ओळीत ‘हंगामी इंटर्नशिपसाठी’पर्यंत मजकूर आला. समोरच्याचा पत्ता सगळ्यात शेवटी टाकला, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाण्याचा प्रश्न नाही. `Undo Send` ची मुदत सेटिंगमधून ३० सेकंद केली. लिहून रात्रीचे साडेअकरा झाले होते, म्हणून `Schedule send` नं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊची वेळ लावली. रात्री पाठवलेला मेल सकाळी बाकीच्या ढिगाखाली असतो.

आठवडा उलटला तरी काही आलं नाही. परत फोन करावा का यावर घरात मतं घेतली गेली, आजीसकट. मी फोन न करता त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहिल्या: अर्ज मिळाला असेल अशी आशा आहे, माझे दिवस तेच आहेत, परीक्षा संपली असल्यानं आता केव्हाही भेटायला येऊ शकते. इथं एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. जीमेलमध्ये उत्तर देताना आधीच्या फाइली आपोआप सोबत जात नाहीत, फॉरवर्ड केलं तरच जातात. म्हणून दोन्ही फाइली पुन्हा जोडल्या, त्याच नावानं. नवा विषय टाकून नवा मेल केला नाही. तसा केला असता तर जुना अर्ज एकीकडे आणि आठवण दुसरीकडे राहिली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. चार ओळींचं. गुरुवारी सकाळी लॅबमध्ये भेटायला या, कॉलेजचं विनंतीपत्र आणा. पायात बंद बूट हवेत, आणि अत्तर किंवा परफ्यूम लावून येऊ नका, कारण त्याच खोलीत वाइन चाखून बघतात. मग एक वाक्य लेटरबद्दल: रिफ्रॅक्टोमीटरचं वाचलं, आता सांगा की आंबवण पूर्ण झाल्यावर हायड्रोमीटरचा आकडा शून्याच्याही खाली का जातो.

ताईला मी लगेच फोन केला. ती हसली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे दुसरी फाइल उघडली.’’ उत्तर मला येत होतं: अल्कोहोल पाण्यापेक्षा हलका, म्हणून साखर संपल्यावर वाइनची घनता पाण्याच्या घनतेखाली जाते, आणि त्या मापावर पाणी म्हणजे शून्य. ते लगेच लिहून पाठवायचा मोह झाला. पण मेलमध्ये मी फक्त गुरुवारची वेळ नक्की केली, विनंतीपत्र त्याच धर्तीच्या नावानं जोडलं, आणि हायड्रोमीटरचं उत्तर भेटीत देते असं लिहिलं.